नोकरीच्या जाहिरातीतील कोणत्या ओळी वाचून माणसे अर्ज न करताच निघून जातात?

मृण्मयी_भोसरी

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, साठेक माणसांच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ आणि प्रशासन अशी दोन्ही कामे पाहते. आमच्या लेखाविभागात एक जागा रिकामी झाली, म्हणून मालकांनी पूर्वीचीच जाहिरात थोडी बदलून पुन्हा दिली. एकूण 38 अर्ज आले. त्यांत स्त्रियांचे फक्त 4 होते, पस्तिशीच्या पुढचे कोणीही नव्हते आणि मध्ये काही वर्षे घरी थांबून परत येऊ पाहणारी एकही व्यक्ती नव्हती. पुण्यातील कोणत्याही कर सल्लागाराच्या कार्यालयात गेल्यास निम्म्याहून अधिक टेबलांवर बायकाच हिशेब सांभाळताना दिसतात, मग आमच्याकडे त्या का आल्या नाहीत, हा प्रश्न मला सोडत नाही. जाहिरात खाली देते.

«तातडीने पाहिजे. आमच्या तरुण व उत्साही टीममध्ये सामावून जाणारा तडफदार अकाउंटंट हवा. वय 25 ते 32. बी.कॉम. किंवा एम.कॉम., 2015 नंतर उत्तीर्ण. सलग 5 ते 7 वर्षांचा अनुभव, मध्ये खंड नसावा. टॅली, जीएसटी, टीडीएस, एक्सेल, एसएपी येणे आवश्यक. दबावाखाली काम करण्याची व गरजेनुसार उशिरापर्यंत थांबण्याची तयारी हवी. स्वतःची दुचाकी आवश्यक. अर्जात वैवाहिक स्थिती व सध्याचा पगार नमूद करावा. पगार पात्रतेनुसार.»

मालक वाईट मनाचे नाहीत आणि बायका नकोत असे त्यांनी कधीही म्हटलेले नाही. पुढच्या आठवड्यात जाहिरात पुन्हा द्यायची आहे. कोणती ओळ कोणाला थांबवते हे मला नेमके समजून घ्यायचे आहे.

सदानंद_सांगली

सोपा उपाय आहे. शेवटी «महिलांनीही अर्ज करावेत» अशी एक ओळ टाका, म्हणजे प्रश्न मिटेल. शिवाय महिलांसाठी काही टक्के जागा राखून ठेवण्याची सक्ती खासगी कंपन्यांवर योग्य आहे का, यावरही येथे चर्चा व्हावी.

मृण्मयी_भोसरी

सदानंददादा, जागा एकच आहे, त्यामुळे राखून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. माझा प्रश्न अर्ज येण्याआधीचा आहे.

जुना_हिशेबनीस

मी 31 वर्षे लेखाविभागांत काढली आणि त्यांतील शेवटची 12 वर्षे माणसे निवडण्याचे काम केले. सदानंदरावांनी सुचवलेल्या ओळीबद्दल आधी सांगतो. वर आठ ओळींत दारे बंद करायची आणि नवव्या ओळीत या म्हणायचे, याने कोणी येत नाही, कारण वाचणारी बाई ती नववी ओळ वाचेपर्यंत «उशिरापर्यंत थांबण्याची तयारी» वाचून पुढच्या जाहिरातीकडे गेलेली असते.

माझी पद्धत साधी होती. प्रत्येक ओळीसमोर मी दोन गोष्टी लिहीत असे: ही गोष्ट कोणत्या कामासाठी लागते आणि ते काम महिन्यातून किती वेळा येते. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नसे, ती काढून टाकत असे, आणि जिच्यासमोर लिहिता येई, तिच्या जागी ते कामच लिहीत असे.

उशिरा थांबण्याचेच घ्या. तुमची उलाढाल वर्षाला पाच कोटींच्या वर असेल असे धरतो, म्हणजे विवरणपत्रे दरमहा भरावी लागत असणार. तसे असेल तर टीडीएसचा भरणा 7 तारखेपर्यंत, जीएसटीआर-1 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत जायला हवे. लेखाविभागात उशीर होतो तो या तीन तारखांच्या आदल्या एक-दोन संध्याकाळी, आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षणाच्या पंधरवड्यात. उरलेले दिवस साडेपाचला घरी जाता येते. मग जाहिरातीत तेच लिहावे. «गरजेनुसार उशिरापर्यंत» हे वाचल्यावर ज्या बाईला सहा वाजता पाळणाघरातून मूल आणायचे आहे, ती रोजचे रात्रीचे नऊ गृहीत धरते. महिन्यातल्या चार-पाच संध्याकाळी आधीच कळल्या, तर ती सासूबाईंशी किंवा नवऱ्याशी बोलून सोय लावू शकते. अनिश्चितता मात्र कोणालाच सांभाळता येत नाही.

अवनी_नाशिक

मी विषयांतर करत असेन तर क्षमा करावी. मी 2012 ते 2018 या काळात नाशिकला एका वितरकाकडे लेखापाल होते. त्यानंतर जुळी मुले झाली, मग सासऱ्यांचे आजारपण आले, आणि सात वर्षे गेली. आता परत काम करायचे आहे. माझ्या अर्जात ही सात वर्षे कशी लिहावीत, की ती लिहूच नयेत, हे कोणी सांगेल का?

मृण्मयीताईंच्या जाहिरातीबद्दल एवढेच सांगते की «मध्ये खंड नसावा» हे वाचल्यावर मी पुढचे काहीही वाचले नसते.

मृण्मयी_भोसरी

अवनीताई, तुमचे विषयांतर नाही. ही जाहिरात ज्यांच्यासाठी सुधारायची आहे, त्यांपैकी तुम्ही एक आहात. तुम्ही येथे थांबा, कारण पुढे मला तुम्हालाच काही विचारायचे आहे.

कायदेशीर_बोला

वयाची अट जाहिरातीत घालणे बेकायदेशीर आहे. स्त्री-पुरुष भेदभावही बेकायदेशीर आहे. मालकांना एवढे सांगितले तरी ते दोन्ही काढतील.

विधिज्ञ_ठाणे

वरील विधानाचा अर्धा भाग बरोबर आहे. भरती करताना, समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी, स्त्री आहे म्हणून डावलण्यास 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही तो मनाईचा नियम आहे. वयाचे तसे नाही. खासगी नोकरीत वयाच्या आधारावर डावलू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, आणि सरकार स्वतःच्या भरतीत कमाल वयोमर्यादा ठेवतेच. तेव्हा मालकांना वयाच्या बाबतीत कायद्याची भीती घालू नका. ते त्यांच्या वकिलांना विचारतील, तुमचे म्हणणे चुकीचे ठरेल आणि बाकीचे बरोबर मुद्देही त्याबरोबर वाहून जातील.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. या जाहिरातीत कोठेही «पुरुष हवा» असे लिहिलेले नाही. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत असे स्पष्ट छापले होते, म्हणून सुधा मूर्तींना जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारता आला. येथे जाब विचारण्याजोगे एकही वाक्य नाही, त्यामुळे दुरुस्ती आतूनच व्हावी लागेल.

जुना_हिशेबनीस

वयाच्या ओळीबाबत आणखी एक सांगतो. ती काढली तरी वय त्या जाहिरातीत आणखी तीन ठिकाणी दडलेले आहे. «2015 नंतर उत्तीर्ण» म्हणजे वयच. «5 ते 7 वर्षे» यातील 7 हाही वयाचाच आकडा आहे, कारण 15 वर्षे काम केलेला माणूस तो वाचून आपल्याला नकोसे समजले आहे असे धरतो. आणि «तरुण टीम» हे तर उघडच आहे. मी 50 वर्षांचा असताना एका कंपनीने मला «आमच्याकडे सगळी तरुण मुले आहेत, तुम्हाला अवघडल्यासारखे होईल» असे फोनवर सांगितले होते. त्या मुलांपैकी कोणालाही बँक ताळमेळ जमत नव्हता, म्हणून तर त्यांना माणूस हवा होता. पाच वर्षांची किमान अट ठेवायची असेल तर ठेवा, मात्र कमाल काढा.

उद्योजक_चाकण

मी मालकांच्या बाजूने बोलतो, कारण येथे ते नाहीत. 15 वर्षे अनुभव असलेली व्यक्ती 32 हजारांच्या जागेवर येते, चार महिन्यांत 50 हजारांची नोकरी मिळाली की निघून जाते आणि आम्ही पुन्हा शून्यावर येतो. माझ्याकडे हे दोनदा झाले आहे. कमाल अनुभवाची अट आम्ही वय पाहून घालत नाही, पगार पाहून घालतो.

खंडाबाबतही तसेच आहे. जीएसटी 1 जुलै 2017 पासून आला आणि त्यानंतर त्यात दरवर्षी काहीतरी बदलत राहिले. 2018 मध्ये काम सोडलेल्या माणसाने ई-इन्व्हॉइस पाहिलेले नाही आणि 2बीची, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या पुरवठादारांच्या बिलांच्या यादीशी आपल्या खरेदीची, जुळणी केलेली नाही. पहिल्या दिवसापासून हात चालणारा माणूस हवा, ही अपेक्षा चुकीची कशी?

जुना_हिशेबनीस

अपेक्षा चुकीची नाही, उद्योजकसाहेब. ती चुकीच्या शब्दांत मांडली गेली आहे. तुमची अडचण पगाराची असेल तर जाहिरातीत पगार लिहा. 32 हजार हा आकडा वाचूनही ज्याला यावेसे वाटते, त्याने तो विचार करूनच अर्ज केलेला असतो. कोणाची मुले शिकून मार्गी लागलेली असतात, कोणाला घराजवळचे काम हवे असते. «पगार पात्रतेनुसार» लिहून तुम्ही त्याला अंधारात ठेवता आणि मग त्याने उजेड पाहताच काढता पाय घेतला म्हणून त्याच्या वयाला दोष देता.

खंडाचे म्हणाल तर तुम्हाला जे खरोखर हवे आहे ते तुम्हीच आता सांगितले: ई-इन्व्हॉइस आणि 2बीची जुळणी. तेच जाहिरातीत लिहा. सलग नोकरी असूनही 2बी न पाहिलेले लोक मी पाहिले आहेत, कारण त्यांच्या कार्यालयात ते काम बाहेरचा सल्लागार करत असे. सलगपणा हा येत असल्याचा पुरावा नव्हे. मी मुलाखतीआधी पाऊण तासाची चाचणी घेत असे. वीस खरेदी बिले आणि पोर्टलवरून उतरवलेली 2बीची यादी समोर ठेवायची आणि न जुळणारी बिले शोधून प्रत्येकाचे कारण लिहायला सांगायचे. एका बिलात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक चुकलेला असे, एक बिल पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात गेलेले असे, एकात कराची रक्कम वेगळी असे. कोणाला येते हे चाळिसाव्या मिनिटापर्यंत स्पष्ट दिसते, आणि मधली सात वर्षे ती व्यक्ती कोठे होती हे विचारण्याची गरज उरत नाही.

अवनी_नाशिक

हे वाचून मी आत्ता एका मैत्रिणीकडून 2बीची एक जुनी यादी मागवली. जुळणी म्हणजे आम्ही व्हॅटच्या काळात खरेदी नोंदवही आणि विक्रेत्यांची यादी ताडून पाहत असू, त्याच्याच जवळचे काम दिसते. रकाने वेगळे आहेत, तर्क तोच आहे. मला वाटते दोन आठवड्यांत जमेल. मात्र जाहिरातीत «खंड नसावा» असते तर मी ही यादी मागवलीच नसती.

केतकी_पुणे

मी संघटनात्मक मानसशास्त्र शिकवते. 2011 मध्ये गॉशर, फ्रीझन आणि के यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाहिरातींत वर्चस्व, स्पर्धा, आक्रमकता सुचवणारे शब्द जास्त असले की त्या नोकऱ्या स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, असे त्यांना आढळले. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की «हे काम मला जमणार नाही» असे त्या स्त्रियांना वाटत नव्हते. «येथे माझ्यासारख्यांची जागा नसेल» असे त्यांना वाटत होते. «तडफदार» हा शब्द मी त्याच दृष्टीने पाहते. हिशेबाच्या कामात तडफ कोठे लागते? तेथे चिकाटी आणि बारकाई लागते, आणि तीच लिहावी.

परंतु मराठीत याहून मोठी अडचण व्याकरणाची आहे, आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या ती पकडत नाहीत. «सामावून जाणारा», «हवा», «जाणणारा», «तयार असलेला»: आपल्याकडच्या जाहिरातींत दिसणारे असे प्रत्येक रूप पुल्लिंगी असते. इंग्रजी जाहिरातीत वाचणारीला आपले लिंग आठवतही नाही, मराठी जाहिरात मात्र दर वाक्यात त्याची आठवण करून देते.

सदानंद_सांगली

केतकीताई, मग दर वेळी «जाणणारा/री», «असलेला/ली» असे लिहायचे का? ते वाचायला फार किचकट होते. आणि पुल्लिंग हे मराठीत सर्वांसाठीच वापरले जाते, त्यात कोणाला वगळण्याचा हेतू नसतो.

केतकी_पुणे

हेतू नसतो, हे मान्य. परिणाम मात्र हेतूची वाट पाहत नाही. तिरक्या रेघांची गरज नाही, कारण मराठीतच याची सोय आहे. कर्त्याला विभक्ती प्रत्यय लावला की क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालत नाही. «उमेदवार टॅली जाणणारा असावा» याऐवजी «उमेदवाराला टॅली येणे आवश्यक आहे» लिहिले की लिंग नाहीसे होते. «अनुभव असलेला उमेदवार» याऐवजी «उमेदवाराकडे पाच वर्षांचा अनुभव असावा» लिहिले की «असावा» हे अनुभवाला लागते, माणसाला नाही. वाक्य उलट अधिक सरळ होते. पदनामातही «लेखापाल» किंवा «अकाउंटंट» चालते. मात्र «लेखापाल (पुरुष/स्त्री)» असे कंस टाकण्याची गरज नाही.

रश्मी_हिंजवडी

स्त्रिया सर्व अटी शंभर टक्के पूर्ण होत असतील तरच अर्ज करतात आणि पुरुष साठ टक्क्यांवर करतात, असे संशोधन आहे ना? त्यामुळे अटी कमी कराव्यात आणि स्त्रियांनी आत्मविश्वास वाढवावा.

केतकी_पुणे

रश्मीताई, हे आकडे सर्वत्र फिरतात, पण त्यांच्यामागे प्रसिद्ध झालेला अभ्यास नाही. एका कंपनीच्या अंतर्गत अहवालाचा तो उल्लेख आहे आणि तो अहवाल कोणाच्या हाती नाही. याच आकड्यांचा पाठपुरावा करताना टॅरा मोहर यांनी हजारावर लोकांना अर्ज का केला नाही हे विचारले आणि 2014 मध्ये उत्तरे मांडली. «मला काम नीट जमणार नाही» हे फार थोड्यांचे कारण होते. अटी पूर्ण होत नाहीत म्हणून आपल्याला घेणारच नाहीत, मग वेळ का घालवा, हे सर्वांत मोठे कारण होते, आणि पुरुषांमध्येही तेच होते. म्हणजे लोक जाहिरातीतील «आवश्यक» हा शब्द खरा मानतात. ते लिहिणाऱ्याने खरा लिहिलेला असतो का, हा प्रश्न आहे. अटी कमी करण्याबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे, आत्मविश्वासाबाबत नाही.

मृण्मयी_भोसरी

केतकीताईंचा हा मुद्दा वाचून मी आज एसएपीबद्दल चौकशी केली. आमच्याकडे एसएपी नाही. आमचा एक मोठा ग्राहक ते वापरतो आणि त्याच्या पोर्टलवर आम्हाला बिले चढवावी लागतात, म्हणून कोणीतरी ते कधीतरी जाहिरातीत लिहिले आणि ते तसेच राहिले. आत्ता ते काम करणाऱ्या मुलाला मी विचारले. त्याला ते शिकायला एक दुपार लागली होती.

दुचाकीचेही असेच निघाले. आठवड्यातून एकदा चाकणच्या गोदामात साठा मोजायला जावे लागते. बँकेची कामे आता जवळपास सगळी ऑनलाइन होतात. वैवाहिक स्थिती का विचारतो, यावर मालक म्हणाले की भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनासाठी ती लागते.

विधिज्ञ_ठाणे

ती माहिती नामनिर्देशनाला लागते हे खरे आहे, परंतु ते रुजू झाल्यानंतर भरायचे असते. अर्जात तिची गरज नाही. अर्जात तो रकाना असला की नुकतेच लग्न झालेली मुलगी पुढचा प्रश्न काय असणार हे ओळखते.

अवनी_नाशिक

मला तो पुढचा प्रश्न दोनदा विचारला गेला आहे. मूल कधी, असा. तेव्हा जुळी झालेलीही नव्हती.

उद्योजक_चाकण

तो प्रश्न विचारणे अयोग्यच आहे, त्यावर माझे दुमत नाही. चाचणीची कल्पनाही मला पटली आणि मी ती वापरून पाहीन. परंतु काही कामे खरोखरच अवघड वेळेची असतात. माझ्याकडे देखभालीच्या माणसाला रात्री दोन वाजता बोलावणे येते, कारण भट्टी बंद पडली तर माल थिजतो. ते मी जाहिरातीतून काढून टाकले तर तो खोटेपणा होईल.

जुना_हिशेबनीस

मुळीच काढू नका. जे खरे आहे ते आकड्यासह लिहा: गेल्या वर्षभरात रात्री किती वेळा बोलावले, पाळी किती जणांत फिरते, येण्या-जाण्याला गाडी कोण देते. वर्षातून दहा वेळा आणि कंपनीची गाडी, हे वाचून काही बायका होय म्हणतील आणि काही पुरुष नाही म्हणतील. त्यात काहीही गैर नाही.

पूर्वा_टोरांटो

येथील एक गोष्ट सांगते, कारण ती खंडाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. मी पुण्यात आठ वर्षे हिशेबाचे काम करून ओंटारिओला आले, तेव्हा प्रत्येक जाहिरातीत «कॅनडातील अनुभव आवश्यक» असे असायचे. नव्याने आलेल्या कोणालाही त्या तीन शब्दांनी बाहेर ठेवता येत होते आणि कोणावरही भेदभावाचा ठपका येत नव्हता. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना ओंटारिओत सार्वजनिक जाहिरातीत ही अट घालता येत नाही आणि पगार किंवा पगाराची मर्यादाही जाहीर करावी लागते. पगार लिहिण्याबाबत जुना_हिशेबनीस काकांनी जे म्हटले ते येथे कायद्यात आले आहे.

मृण्मयी_भोसरी

पगारावरच आमचे गाडे अडले आहे. मालकांचे म्हणणे असे की जाहिरातीत 32 हजार छापले, तर आत्ता 27 हजारांवर काम करणारे दोघे दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये येतील.

केतकी_पुणे

येतील, आणि त्यांचे येणे रास्त असेल. परंतु तो प्रश्न जाहिरातीपेक्षा मोठा आहे, हेही खरे. आकडा छापता येत नसेल तर निदान «पगाराबाबत चर्चा करता येईल» एवढे लिहा. लाइब्रांट आणि लिस्ट यांनी 2015 मध्ये प्रत्यक्ष जाहिराती देऊन हे तपासले होते. पगारावर बोलता येते असे स्पष्ट लिहिलेले नसले की पुरुष मागतात आणि स्त्रिया कमी मागतात. तसे लिहिले की हा फरक उरत नाही.

जुना_हिशेबनीस

मला हे अर्धवट वाटते. चर्चा करायला आधार लागतो आणि सात वर्षे बाजारापासून दूर असलेल्या व्यक्तीकडे तो नसतो. अवनीताई 2018 च्या पगारात थोडी भर घालून आकडा सांगतील आणि मालक आनंदाने होय म्हणतील. «सध्याचा पगार» विचारणेही त्यासाठीच काढावे, कारण परत येणाऱ्याने तेथे शून्य लिहायचे की रकाना मोकळा सोडायचा? बऱ्याच ऑनलाइन अर्जांत तो मोकळा ठेवला तर अर्ज पुढेच जात नाही. जाहिरात सुधारून अर्जाचा नमुना तसाच ठेवला तर केलेले कष्ट वाया जातात.

अवनी_नाशिक

काकांनी म्हटले ते खरे आहे. मी मनात 24 हजार धरले होते.

मृण्मयी_भोसरी

काल मी एक गोष्ट केली. नवा मसुदा तयार करून तिघांना वेगवेगळा वाचायला दिला: आमच्याकडून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले लेखापाल, माझी एक बहीण जी पाच वर्षे घरी आहे, आणि शेजारच्या कारखान्यातील एक मुलगी. «जाहिरात कशी आहे» असे विचारले नाही, कारण सगळे चांगलीच म्हणतात. «वाचताना कोठे थांबावेसे वाटले, तेथे रेघ मारा» एवढेच सांगितले. निवृत्त काकांनी मी लिहिलेल्या «नव्या तंत्रज्ञानाची आवड» यावर रेघ मारली, आणि बहिणीने «तातडीने रुजू व्हावे» यावर, कारण मुलांच्या शाळेची बस ठरवायला तिला पंधरा दिवस लागतील. दोन्ही मी बदलले. मसुदा असा आहे.

«अनुभवी अकाउंटंट हवा. कामाचे स्वरूप: टॅलीमधील नोंदी, दरमहा जीएसटी विवरणपत्रे, ई-इन्व्हॉइस, 2बीशी खरेदीची जुळणी, टीडीएस आणि बँक ताळमेळ. उमेदवाराकडे लेखाकामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव असावा. तो सलग असण्याची गरज नाही, आणि काही वर्षांच्या खंडानंतर परत येणाऱ्यांचे अर्जही पाहिले जातील. ई-इन्व्हॉइस व ग्राहकाचे पोर्टल रुजू झाल्यावर शिकवले जाईल. मुलाखतीआधी पाऊण तासाची कामाची चाचणी होईल. वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 5.30. महिन्याच्या 7, 11 आणि 20 तारखांच्या आदल्या एक-दोन दिवशी सायंकाळी 7.30 पर्यंत, तसेच वर्षातून एकदा लेखापरीक्षणाच्या पंधरवड्यात थांबावे लागू शकते. आठवड्यातून एकदा चाकणच्या गोदामात जावे लागते, प्रवासाची सोय कंपनी करते. रुजू होण्यासाठी 30 दिवसांपर्यंत मुदत मिळेल. पगाराबाबत चर्चा करता येईल.»

वय, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, वैवाहिक स्थिती आणि सध्याचा पगार अर्जाच्या नमुन्यातूनही काढले. पगाराचा आकडा छापायला मालकांनी नकार दिला, परंतु फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगेन, एवढे त्यांनी मान्य केले.

रश्मी_हिंजवडी

मसुदा आवडला. पुन्हा 38 अर्ज आले आणि त्यांत 12 स्त्रिया असल्या, तर सुधारणा यशस्वी झाली असे म्हणता येईल का?

जुना_हिशेबनीस

एका जाहिरातीवरून म्हणता येणार नाही. महिना वेगळा, जाहिरात टाकलेली जागा वेगळी, एवढ्यानेही आकडे हलतात. फोनवर चौकशी करणारे किती, अर्ज करणारे किती, चाचणीला आलेले किती आणि बोलावलेले किती, हे प्रत्येक टप्प्यावर लिहून ठेवा. अर्ज वाढले आणि बोलावणे पुन्हा पंचविशीतल्या मुलांनाच गेले, तर अडचण जाहिरातीत उरलेली नाही, अर्ज चाळणाऱ्याच्या टेबलावर आहे, असे समजा.

उद्योजक_चाकण

किमान अनुभव 5 वरून 3 केला, तो मात्र मला पटलेला नाही. विवरणपत्र चुकले तर दंड आणि व्याज मालकाला भरावे लागते.

मृण्मयी_भोसरी

उद्योजकदादा, ती शंका मलाही आहे. चाचणीवर विसंबून तीन ठेवले आहेत. चुकले असेल तर कळेलच, आणि तेही मी येथे लिहीन.

अवनी_नाशिक

मृण्मयीताई, माझ्या बहिणीचे घर मोशीला आहे, आणि नाशिकहून पुण्याला येण्याचा आमचा विचार तसाही चालू आहे. मी अर्ज केला तर चालेल का? सात वर्षांबद्दल मी «2018 ते 2025: घरातील देखभालीसाठी कामापासून दूर» अशी एकच ओळ लिहिली आहे.

मृण्मयी_भोसरी

अवनीताई, ओळ अगदी योग्य आहे. अवश्य अर्ज करा. चाचणी सर्वांची एकच असेल आणि उत्तरपत्रिका नावे झाकून तपासू, म्हणजे आपण येथे बोललो याचा कोणाला फायदा किंवा तोटा होणार नाही.

केतकी_पुणे

मृण्मयी, छापायला देण्याआधी पहिले वाक्य पुन्हा वाचा. «अनुभवी अकाउंटंट हवा» यातील «हवा» तसाच राहून गेला आहे. तेथे «पाहिजे» लिहा. त्याचे रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही.

मृण्मयी_भोसरी

चार वेळा वाचूनही तो मला दिसला नव्हता. बदलला आहे. जाहिरात रविवारी जाईल.